नऊ नावांचा वंशवृक्ष

देवळीच्या तहसील कार्यालयासमोर माझं ऑनलाइन सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक बाक आणि भिंतीवर मीच लिहून चिकटवलेली सूचना: ‘कृपया फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.’ बारा वर्षांत ही सूचना एकाही माणसाने वाचलेली नाही. लोक तिच्याखाली उभे राहून मला विचारतात, ‘ताई, फोटो कसा पाठवू?’ आणि मी सांगेपर्यंत पाठवूनही टाकतात.

मंगळवारी जागृती आली. अठरा वर्षांची पोरगी, बी. फार्म.ला नंबर लागलेला, हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद. तिला जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. शुक्रवारी वर्ध्याच्या समितीच्या कार्यालयात अर्ज जमा करून पोच घ्यायची आणि ती त्याच दिवशी कॉलेजात दाखवायची. पोच नसेल तर राखीव जागा गेली आणि खुल्या जागेची फी भरायची म्हटलं तर तिच्या बापाला ते अख्खं कॉलेज स्वप्नातच बघावं लागलं असतं. तिचा बाप हिरालाल जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी चढवतो. तोही सोबत आला होता, पण आत आला नाही. पायातल्या चपला दाराबाहेर काढून तिथेच उभा राहिला. माझं सेंटर म्हणजे देऊळ नव्हे असं त्याला मी तीनदा सांगितलं, तेव्हा कुठे तो बाकाच्या टोकावर टेकला.

कागद चांगले होते. जागृतीचे आजोबा तुळशीराम यांचा शाळेचा दाखल-खारीज उतारा होता, १९४६ सालचा. समितीला अनुसूचित जातीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो आणि तुळशीरामांच्या गुरुजींनी जातीचा रकाना ठसठशीत शाईने भरून ठेवला होता. पुढे दहा वर्षांनी अख्खं घर बौद्ध झालं, पण समितीला त्याच्या आधीची शाई दिसावी लागते. शिवाय जागृतीचा सख्खा चुलतभाऊ अश्वजित याला २०१२ मध्येच वैधता मिळालेली. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाची वैधता असली की अर्धी लढाई तिथेच संपते. राहिली होती फक्त वंशावळ. पणजोबापासून अर्जदारापर्यंत कोण कोणाचं, ते पिढीवार लिहून द्यायचं आणि त्यावर प्रतिज्ञापत्र करायचं.

“वंशावळ मोठ्या काकाजवळ आहे,” जागृती म्हणाली. “प्रभाकरकाका. सिंदी मेघेले राह्यतात. त्यायनं बनवली. पाठवतो म्हणे.”

“मोठे काका म्हणजे तुझ्या बाबांचे मोठे भाऊ?”

“नाई, लहान. पण आमच्यात सगळे त्यायलेच मोठे काका म्हणतात.”

हा खुलासा मी तेव्हा कानाआड केला. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि प्रभाकरराव माझ्या व्हॉट्सॲपवर अवतरले.

आधी एक नमस्कार आला. मग एक गुलाबाचं फूल. मग ‘मी प्रभाकर, सेवानिवृत्त अव्वल कारकून, जिल्हाधिकारी कार्यालय’ एवढं लांब नाव. आणि मग तो स्क्रीनशॉट.

प्रभाकररावांनी वंशवृक्ष लग्नपत्रिका बनवायच्या ॲपमध्ये केला होता, हे मला एका नजरेत कळलं, कारण चारी कोपऱ्यांना सोनेरी केळीचे खांब होते. मधोमध वडाचं झाड. झाडावर चौकटी. चौकटींमधून रेघा. ज्यांना सरकारी किंवा बँकेतली नोकरी होती त्यांच्या चौकटी सोनेरी आणि त्यांत कोट घातलेले फोटो. ज्यांना नव्हती त्यांच्या करड्या आणि रिकाम्या. आता माणूस एवढा कलाकार असल्यावर त्याने मूळ चित्र पाठवावं की नाही? नाही. त्यांनी आपल्या फोनच्या पडद्याचाच फोटो काढून पाठवला. त्यात वर बॅटरी चार टक्के आणि एक संदेश लोंबकळत होता: ‘दही संपलं. येताना आणा.’ दह्याने मूळ पुरुषाचं डोकं झाकलं होतं, नाव कसंबसं वाचता येत होतं. उजवीकडे एक चौकट अर्धी कापली गेली होती आणि तिच्यात नुसतं ‘अनुस’ एवढंच वाचता येत होतं.

मी त्यांना लिहिलं, चित्र चालत नाही, अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात मजकूरच लागतो, पिढीवार ओळी लागतात, आपण तशा लिहून द्याल का? उत्तर आलं, ‘सर्व माहिती चित्रात स्पष्ट आहे. टायपिंग आपले काम.’ सोबत आणखी एक गुलाब.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती. उत्पन्नाचे दाखले, सातबारे, एक माणूस आधारमधलं बायकोचं वय कमी करून मागत होता. मी काय केलं ते सांगते, कारण नंतर मी प्रभाकररावांवर तोंडसुख घेणार आहे आणि त्याआधी स्वतःची कबुली दिलेली बरी. फोटोतली अक्षरं आपोआप मजकुरात उतरवून देणारी सोय फोनमध्ये असते. मी ती चालवली. तिने वरून खाली, ओळीमागून ओळ, सगळी नावं उचलून दिली, दह्यासकट. दही मी काढलं. मग पहिल्या रांगेतली नावं समासाला लावली, दुसऱ्या रांगेतली थोडी आत सरकवली, तिसरी आणखी आत, चौथी त्याहून आत, आणि ज्याच्या डोक्यावर जो दिसला त्याच्याखाली त्याला टाकला. दहा मिनिटांत काम. प्रिंट काढून जागृतीच्या हातात दिली आणि म्हटलं, घरी नीट वाच आणि उद्या ये.

ती घरी गेलीच नाही. दारात उभं राहून तिने कागद वाचला आणि परत आली.

“नंदिनीताई, हे काय करून ठेवलं तुमी?”

“काय झालं?”

“तुमच्या कागदावर प्रभाकरकाका माह्या आजोबाचा भाऊ झाला. म्हणजे माह्या बाबाचा काका. म्हणजे माहा आजोबा. अन् अश्वजितदादा माहा काका.” तिने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. “अन् ही भागीरथा चिंधूची बहीण कधीपासून झाली? ते नवरा-बायको व्हते.”

मी कागद हिसकावून घेतला. खरंच होतं. चिंधू आणि भागीरथा या दोन चौकटी एकाच रांगेत शेजारी होत्या, मध्ये एक लाल बदाम होता. बदामाला मजकूर नसतो, त्यामुळे फोनने तो सोडला आणि मीही सोडला. आणि दुसऱ्या रांगेत तुळशीरामांच्या डावीकडे, त्यांच्या खांद्याला खांदा लावून, त्यांच्याहून दीडपट मोठ्या सोनेरी चौकटीत खुद्द प्रभाकरराव बसले होते. बापाच्या शेजारी, बापाच्या उंचीवर.

मी स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर घेतला आणि मोठा केला. पडद्याचा फोटो मोठा केला की अक्षरं फुटतात, पण रेघा दिसतात. तुळशीरामांच्या चौकटीच्या बुडातून दोन रेघा निघत होत्या. एक काळी, सरळ खाली, हिरालालच्या करड्या चौकटीत. दुसरी फिकट सोनेरी. ती डावीकडे गेली, वडाच्या पानांमागून वळली, वर चढली आणि प्रभाकररावांच्या चौकटीला बाजूने जाऊन भिडली. म्हणजे रेघ खरं बोलत होती. फक्त माणसाने स्वतःची चौकट बोटाने उचलून एक मजला वर नेऊन ठेवली होती आणि बिचारी रेघ त्याच्या मागे फरफटत गेली होती.

“तुझे काका बापाच्या रांगेत का बसलेत गं?”

“ते अधिकारी झाले नं,” जागृती शांतपणे म्हणाली. तिच्या घरात याला कारण लागत नसावं.

बाकावरून हिरालाल म्हणाला, “पभ्याचं तसंच आहे ताई. लग्नातल्या फोटोत बी तो मधात खुर्ची टाकून बसते. आमी मांगं उभे राह्यतो. चालते.”

“फोटोत चालतं,” मी म्हटलं. “समितीत नाही चालत.”

मला राग आला होता तो अर्धा स्वतःचाच. बारा वर्षं वंशावळी टाइप करणाऱ्या बाईने चौकटींची उंची बघून पिढ्या ठरवाव्यात? पिढी उंचीवर नसते. चित्र काढणाऱ्याला जागा पुरली नाही की चौकट कुठेही जाते, आणि प्रभाकररावांसारख्याला तर जागा असूनही पुरत नाही. मी कोरं पान घेतलं आणि यावेळी प्रत्येक नावाला एकच प्रश्न विचारला: तुझ्यात शिरणारी रेघ कुठून निघते? जिथून निघते तो बाप. बापाच्या ओळीपेक्षा एक पाऊल आत, तो मुलगा. बस्स. लग्न करून घरात आलेल्याला वेगळी ओळ नाही, त्याचं नाव जोडीदाराच्याच ओळीत कंसात. एका बापाची सगळी लेकरं समासापासून सारख्याच अंतरावर, मग त्यांतलं कुणी कोट घातलेलं असो की गाठी उचलणारं. आणि जे दिसत नाही ते अंदाजाने लिहायचं नाही, विचारायचं.

दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. दह्याखालचं डोकं चिंधूचंच, हे हिरालालने सांगितलं. “अन् हे ‘अनुस’ कोण?”

“माही आत्या. अनुसयाबाई. तुळशीरामाची सख्खी बहीण. तळेगावले राह्यते, ऐंशीच्या वर गेली. तिची रेघ चिंधूपासूनच येते पाहा.”

येत होती. झाडाच्या फांदीवरून निघून पडद्याच्या कडेला कापली गेली होती. भावांमध्ये मोठं कोण हेही मी विचारलं, कारण लेकरं जन्माच्या क्रमाने लावायची असतात आणि चित्रात तो क्रम पगाराच्या हिशेबाने लावलेला दिसत होता.

“मीच मोठा,” हिरालाल म्हणाला. असं म्हणाला, जसं काही चूक कबूल करतोय.

शेवटी कागद असा झाला:

चिंधू (पत्नी भागीरथा)
    तुळशीराम
        हिरालाल
            काजल
            जागृती (अर्जदार)
        प्रभाकर
            अश्वजित (वैधता प्रमाणपत्रधारक)
            आचल
    अनुसया

कंसातली भागीरथा सोडली तर नऊ नावं, नऊ ओळी. केळीचे खांब नाहीत, गुलाब नाही. जागृतीने तो वाचला, प्रत्येक नावावर बोट ठेवून रेघ पडद्यावर शोधली, आणि नऊच्या नऊ तपासून झाल्यावर म्हणाली, “आता बरोबर आहे.” मी टाइप करते ते कुणी असं तपासलेलं मला आठवत नाही. मनातून बरं वाटलं. तिला मात्र काही म्हणाले नाही, लगेच डोक्यावर बसतात.

तो कागद मी प्रभाकररावांना पाठवला. अश्वजित कतारला असतो, त्याच्या प्रमाणपत्राची प्रत प्रभाकररावांच्या कपाटात, आणि ‘अर्जदार ही माझ्या सख्ख्या भावाची मुलगी’ असं प्रतिज्ञापत्रही त्यांनीच करून द्यायचं ठरलं होतं. त्यांच्या सहीशिवाय अर्ज लंगडा होता. उत्तर यायला अर्धा तास लागला. गुलाब नव्हता.

‘सदर वंशावळ मान्य नाही. चित्राप्रमाणे दुरुस्ती करावी. उद्या समक्ष येतो.’

बुधवारी ते आले नाहीत. बुधवारी जागृती तीनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा तिने विचारलं, “ताई, त्यायनं सही नाई केली तर?” मी म्हटलं, करतील. म्हटलं खरं, पण मला खात्री नव्हती. अश्वजितची वैधता न जोडताही अर्ज करता येतो, पण मग चौकशी लांबते, आणि तारखा चुकल्या की जागा जाते. तिला हे सगळं माहीत होतं. ती रडली बिडली नाही, फक्त पिशवीतले कागद काढून पुन्हा एकदा लावत बसली. मला त्या माणसाचा इतका संताप आला की एका निरुपद्रवी म्हाताऱ्यावर, ज्याने फक्त झेरॉक्स मागितली होती, मी खेकसले.

गुरुवारी अकरा वाजता प्रभाकरराव आले. इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं, हातात निळी फाईल. फाईलवर स्वच्छ अक्षरात ‘अश्वजित, जात पडताळणी, सन २०१२, संपूर्ण’. मी खुर्ची दिली. त्यांनी ती रुमालाने झटकली. हिरालाल बाकावरून उठून उभा राहिला आणि त्यांनी त्याला हातानेच ‘बस’ म्हटलं. जागृती पाया पडली. मग त्यांनी माझा कागद टेबलावर पसरला.

“ताई, आपण टंकलेखनात वाकबगार असाल, पण वंशावळ हा विषय वेगळा आहे. मी छत्तीस वर्षं महसुलात काढली. चित्रात माझं नाव कुठे आहे ते पाहिलंत?”

“पाहिलं. तुमच्या वडिलांच्या शेजारी.”

“मग इथे मी तिसऱ्या ओळीत... तिसऱ्या नव्हे, सहाव्या ओळीत आहे. काजलच्या खाली. जागृतीच्या खाली!”

“ओळ किती नंबरची ते बघायचं नसतं. समासापासून किती आत आहे ते बघायचं. तुम्ही आणि हिरालालभाऊ सारखेच आत आहात. दोघंही तुळशीरामांची मुलं.”

“ते मला माहीत आहे.”

“मग अडचण काय?”

अडचण त्यांना सांगता येत नव्हती. काही अडचणी मोठ्याने बोलल्या की लगेच लहान दिसतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “प्रश्न मानाचा आहे. घराण्याची ओळख कोणामुळे झाली? उद्या समितीच्या सदस्यांनी कागद पाहिला आणि पहिलं नाव...” इथे त्यांनी भावाकडे बघितलं नाही. “पहिलं नाव हमालाचं दिसलं, तर?”

हिरालाल बाकावर तसाच बसून राहिला. जागृतीने पिशवीची कड मुठीत धरली. माझ्या जिभेवर जे आलं ते मी गिळलं, कारण पोरीच्या अर्जासाठी यांची सही व्हायची होती.

“बरं,” मी गोड आवाजात म्हटलं. हा आवाज मी फार क्वचित काढते. “चित्राप्रमाणे करते. तुम्हाला एक पाऊल बाहेर काढते, तुळशीरामांच्या अंतरावर. मग तुम्ही चिंधूंचा मुलगा. अश्वजित चिंधूंचा नातू. जागृती अश्वजितची पुतणी. आणि तुम्ही प्रतिज्ञापत्रात शपथेवर लिहून देणार की ती तुमच्या भावाची मुलगी. एकाच अर्जात दोन नाती. समितीला वाचायला मजा येईल.”

“समिती एवढं बारीक पाहत नाही.”

“तेवढंच पाहते, साहेब. तिथे अश्वजितची जुनी फाईलही काढून शेजारी ठेवतात. त्यात काय लिहिलंय?”

“व्यवस्थितच लिहिलेलं आहे,” ते म्हणाले आणि निळी फाईल माझ्याकडे सरकवली. “प्रमाणपत्र काढून घ्या. नववं पान. मी सगळ्याला अनुक्रमणिका करतो.”

मी नवव्या पानासाठी फाईल उघडली. प्रभाकरराव खोटं बोलले नव्हते, अनुक्रमणिका पहिल्याच पानावर होती. आणि तिच्यात चौथा अनुक्रमांक होता, ‘वंशावळ, स्वहस्ताक्षरात’. मी नववं पान सोडलं आणि चौथं काढलं.

काय सुंदर अक्षर होतं! पट्टीने समास आखलेला. प्रत्येक पिढीला बरोबर बोटभर जागा सोडलेली. वर चिंधू, आत तुळशीराम, त्याच्या आत ‘(१) हिरालाल, मोठा मुलगा’, त्याच अंतरावर ‘(२) प्रभाकर, धाकटा मुलगा’, आणि त्याच्या आत अश्वजित. खाली सही, तारीख आणि ‘वरील माहिती खरी असून...’ वगैरे. माझ्या कागदात आणि त्यांच्या कागदात नात्यांचा काडीचाही फरक नव्हता. जागृती तेव्हा पाच वर्षांची होती, तरी त्यांनी तिचं नाव घालायचं सोडलं नव्हतं.

मी पान टेबलावर ठेवलं. माझा कागद शेजारी ठेवला.

प्रभाकररावांनी स्वतःचं अक्षर वाचलं. “ती वेळ वेगळी होती,” ते म्हणाले.

“हो. तेव्हा अश्वजितची जागा जात होती.”

“ताई, बोलण्याला मर्यादा...”

“आता दुसरी वंशावळ तुमच्याच सहीने वेगळी गेली, तर समिती विचारेल यातली खोटी कोणती. आणि ते कळेपर्यंत दोन्ही फायली उघड्या राहतील. तिची जागा तर जाईलच. अश्वजितलाही कतारहून बोलावतील की नाही ते मला माहीत नाही. छत्तीस वर्षं महसुलात तुम्ही काढलीत.”

बाहेर कुणीतरी सातबाऱ्यासाठी हाका मारत होतं, मी लक्ष दिलं नाही. शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि थांबले. “ठीक आहे. अंतर सारखं ठेवा. पण क्रम बदला. आधी माझं नाव घ्या, मग याचं. त्याने नातं बदलत नाही.”

नातं खरंच बदलत नव्हतं. एवढं महसुलातलं त्यांना येत होतं. मी काही म्हणायच्या आत हिरालाल उठला.

“करून द्या ताई,” तो म्हणाला. “त्याचं पहिलं टाका. त्याले लागते ते. मले काय, वर काय अन् खाली काय. पोट्टीचं काम झालं पाह्यजे.”

“बाबा, तुमी बसा,” जागृती म्हणाली. तिचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. “काका, तुमच्याच कागदावर एक नंबर बाबाचा हाये. दोन नंबर तुमचा. मी तुमचाच कागद जोडून राह्यली. बदलायचं असंल तर त्याच्यावर खाडाखोड करा अन् बाजूले सही करा.”

अव्वल कारकुनाला खाडाखोड करायला सांगणं म्हणजे काय असतं, ते तिला कुठून कळलं कोण जाणे. प्रभाकररावांच्या तोंडून सिंदी मेघेची साहेबी भाषा गळून पडली आणि गावची बोली बाहेर आली. “तुले कोनं शिकोलं व हे?” ते म्हणाले आणि सही केली. एक नंबर, दोन नंबर, सगळं आहे तसं. सही मात्र नेहमीप्रमाणे इतकी मोठी केली की शिक्क्याला जागा उरली नाही आणि मला प्रिंट पुन्हा काढावी लागली. दुसऱ्यांदा त्यांनी न बोलता केली.

हिरालालनेही आपल्या प्रतिज्ञापत्रावर सही केली. अक्षर अक्षर जोडत. मग त्याने मला विचारलं, “ताई, हे नावाच्या आधी मोकळी जागा काऊन सोडली?”

“चिंधूपासून किती पिढ्या लांब, ते त्या जागेवरून कळतं.”

त्याने आपलं जाडजूड बोट समासावर ठेवलं आणि स्वतःच्या नावापर्यंतची जागा मोजली. तेच बोट खाली नेऊन भावाच्या नावाआधीची मोजली. “सारखीच हाये,” तो म्हणाला. प्रभाकरराव तेव्हा दाराशी चपला शोधत होते.

शुक्रवारी जागृतीला पोच मिळाली. वैधता प्रमाणपत्र दीड महिन्याने आलं, एकही त्रुटी न निघता. ती पेढे घेऊन आली, हिरालाल तिच्यासोबत होता आणि यावेळी चपला घालूनच आत आला. पेढा मी खाते न खाते तोच त्याने खिशातून फोन काढला आणि अभिमानाने माझ्यासमोर धरला.

“पाहा ताई, पभ्यानं ग्रुपवर काय टाकलं. माही पोट्टी कुठं नेली पाहा!”

नवा वंशवृक्ष. तेच केळीचे खांब, तोच वड. बॅटरी यावेळी अकरा टक्के. दुसऱ्या रांगेत तुळशीराम, त्यांच्या डावीकडे प्रभाकरराव, आणि उजवीकडे नवीकोरी सोनेरी चौकट. तिच्यात पांढऱ्या ॲप्रनमधली जागृती, खाली ‘भावी फार्मासिस्ट’. आजोबांच्या शेजारी, बापाच्या डोक्यावर. हिरालाल तिथेच होता, तिसऱ्या रांगेत, करड्या रिकाम्या चौकटीत. त्याच्यापासून एक बारीक रेघ निघून लेकीकडे वर चढत गेली होती. ग्रुपवर चौदा जणांनी हात जोडले होते आणि हिरालालने आयुष्यात पहिल्यांदा एक अंगठा दाबून पाठवला होता.

“बरी दिसते नं?” तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. त्याचा आनंद मोडायचा नव्हता आणि ते चित्र मला फाडून टाकावंसं वाटत होतं.

“दाखव बरं, बाबा,” जागृती म्हणाली. तिने फोन घेतला. बराच वेळ बघितला. मग काहीतरी लिहिलं आणि फोन बापाला परत दिला.

हिरालालने ते ओठ हलवत, एक एक शब्द सोडवत वाचलं. काय लिहिलंय ते मला दिसत होतं:

‘काका, माझी चौकट बाबांच्या खाली घ्या. मी त्यांची मुलगी आहे.’